इटालियन हॉस्पिटलचं ऑपरेशनचं संमतीपत्र मराठीत आणताना: कागदापासून सहीपर्यंत

इटलीत ऑपरेशनची तारीख ठरली की त्याआधी एखाद्या दिवशी रक्ततपासणी, ईसीजी आणि भूलतज्ज्ञाच्या भेटीसाठी बोलावतात. त्याला प्रेरिकोव्हेरो म्हणतात. बहुतेकांच्या हातात कोन्सेन्सो इनफोर्मातो, म्हणजे संमतीपत्र, त्याच दिवशी पडतं. चार-पाच पानं, बारीक अक्षर, शेवटी सहीची रेघ. मी इटालियन-मराठी दुभाषी, मग संध्याकाळी मुलगा किंवा सून मला फोटो पाठवते आणि खाली लिहिते, "ताई, दोन ओळीत सांगा ना, आईंना काय सांगू?"

त्या दोन ओळींतच घोळ होतो. कोणी आईला "काही नाही गं, छोटंसं ऑपरेशन आहे" एवढंच सांगून सही घेतो. कोणी प्रत्येक ओळ शब्दाला शब्द लावून वाचून दाखवतो, आणि बाई रात्रभर छताकडे बघत पडते. तिसरा प्रकार म्हणजे सही आधी, भाषांतर नंतर. तिन्ही टाळता येतात, पण त्यासाठी कामं ठरलेल्या क्रमाने करावी लागतात.

खाली एकच उदाहरण शेवटपर्यंत घेतलं आहे. तोरिनोला मुलाकडे राहणाऱ्या एक काकू, वय ५८. पित्ताशयात खडे, जेवणानंतर उजव्या कुशीत कळा. मधुमेहाच्या गोळ्या चालू. पंधरा वर्षांपूर्वी गर्भपिशवी काढली, त्याचा बेंबीखाली उभा व्रण. ऑपरेशनचं नाव कागदावर: कोलेचिस्तेक्तोमीया व्हिदेओलापारोस्कोपिका. आपल्याकडे ज्याला दुर्बिणीतून पित्ताशय काढणं म्हणतात, तेच.

## १. आधी ठरवा: तुम्ही भाषांतर करणार की समजावणार?

ही दोन वेगळी कामं आहेत. लेखी भाषांतर पूर्ण हवं, एकही ओळ न गाळता. समजावणं तोंडी असतं, त्याचा क्रम वेगळा, शब्द वेगळे, आणि ते डॉक्टरसमोर किंवा डॉक्टरशी बोलणं झाल्यावरच करायचं. कागदाचं भाषांतर हातात दिलं की समजावणं झालं, असं धरू नका.

मुलगा दुभाषा झाला की एक अडचण हमखास येते. डॉक्टर तीन मिनिटं बोलतो, मुलगा आईला सांगतो, "म्हणतायत होईल सगळं नीट." त्याचा दोष नाही, तो घाबरलेला असतो. म्हणून प्रेरिकोव्हेरोची वेळ ठरवतानाच मेदियातोरे कुल्तुराले हवा असं सांगून ठेवा. हा हॉस्पिटलतर्फे येणारा दुभाषा, कधी प्रत्यक्ष, कधी फोनवर. मराठीचा माणूस मिळेलच असं नाही. रुग्णाला हिंदी नीट समजत असेल तर हिंदी मागा, पण "समजते" हे रुग्णाला विचारून ठरवा, मुलाला विचारून नव्हे. मालिका कळणं वेगळं आणि भूलतज्ज्ञाचे प्रश्न कळणं वेगळं.

इटलीचा २०१७ चा २१९ क्रमांकाचा कायदा इथे कामी येतो. माहिती मिळणं हा रुग्णाचा हक्क आहे. रुग्णाला काही ऐकायचं नसेल तर नकार देण्याचाही हक्क आहे, आणि "माझ्याऐवजी माझ्या मुलाला सांगा" असंही ती म्हणू शकते. ते मग तिच्या केसपेपरात नोंदवलं जातं. पण हे *ती* म्हणते. "आईला नका सांगू, तिला झेपणार नाही" हे मुलाने परस्पर ठरवायचं नाही.

तपासा: काकूंना एकटीला, सून-मुलगा खोलीबाहेर असताना विचारलं का? "काकू, ऑपरेशनबद्दल सगळं ऐकायचंय, की थोडंच, की मुलालाच सांगू?" आमच्या काकू म्हणाल्या, "सगळं सांग, पण हळू सांग." पुढचं सगळं या उत्तरावर चाललं.

## २. पूर्ण वाचा, मग गठ्ठे पाडा

पहिल्या वाचनात पेन हातात घेऊ नका. एका पिशवीत बहुतेक वेळा तीन-चार वेगळी संमतीपत्रं असतात आणि लोक त्यांना एकच समजतात. ऑपरेशनचं एक, भुलीचं दुसरं, रक्त चढवण्याचं (एमोत्रास्फुझिओने) तिसरं, आणि वैयक्तिक माहिती वापरण्याचं चौथं. प्रत्येकाला वेगळी सही. रक्त चढवण्याचा कागद पाहून "म्हणजे रक्त चढवणारच?" असा धसका बसतो. तो कागद *लागलंच तर* साठी असतो, हे भाषांतराच्या डोक्यावरच लिहा.

माहितीच्या कागदावर संशोधनासाठी, विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी किंवा फोटोसाठी चौकोन असू शकतात. तिथे नाही म्हटलं तरी ऑपरेशनवर परिणाम होत नाही. हे तोंडी सांगाच, कारण आपल्या लोकांना वाटतं, एका ठिकाणी नाही म्हटलं तर डॉक्टर रागावतील.

मग हाताने लिहिलेला मजकूर शोधा. छापील भाग सगळ्यांसाठी सारखा असतो, हा फक्त या रुग्णासाठी असतो. सगळ्यात महत्त्वाचा तोच, आणि अक्षर लागत नाही म्हणून नेमका तोच सुटतो. काकूंच्या फॉर्मवर "या रुग्णाशी संबंधित विशेष धोके" या ओळीपुढे दोन शब्द खरडले होते. एक दियाबेते, मधुमेह, हा लगेच लागला. दुसरा मी आधी सोडूनच दिला होता. नर्सला दाखवल्यावर कळलं, आदेरेन्त्से. जुन्या ऑपरेशननंतर पोटाच्या आत जे चिकटतं ते. पुढे दिसेल की काकूंच्या बाबतीत सगळ्यात मोठा फरक याच शब्दाने पडला.

सावधान: हाताने लिहिलेला शब्द लागला नाही तर अंदाजाने भरू नका. भाषांतरात "[हा शब्द वाचता आला नाही]" असं लिहा आणि डॉक्टरला विचारा.

तपासा: नाव-आडनाव पासपोर्टशी आणि तेस्सेरा सानितारिया या आरोग्यकार्डाशी जुळतं का? आपल्या नावात मधे नवऱ्याचं नाव असतं. इटालियन कारकून ते कधी नावात घालतो, कधी आडनावात. ऑपरेशनच्या दिवशी हातातल्या पट्टीवरचं नाव फॉर्मशी जुळलं नाही की धावपळ होते.

## ३. भाषांतराआधी डॉक्टरला प्रश्न

लोक आधी भाषांतर करतात आणि मग शंका काढतात. उलट करा. पहिल्या वाचनातच शंकांची यादी करा आणि सर्जनला किंवा वॉर्डच्या डॉक्टरला विचारा. काकूंच्या यादीत तीनच प्रश्न होते: चिकटलेल्या भागामुळे पोट उघडावं लागण्याची शक्यता किती वाढते? मधुमेहाच्या गोळ्या कधी थांबवायच्या? ऑपरेशन केलंच नाही तर काय?

तिसरा प्रश्न विचारायला लोक लाजतात. पण संमतीपत्रात "पर्याय" आणि "नकार दिल्यास परिणाम" असे भाग असतात, आणि ते बऱ्याचदा दोन गुळगुळीत वाक्यांत उरकलेले असतात. काकूंना डॉक्टरने दिलेलं उत्तर असं होतं: ऑपरेशन न करता थांबता येतं, पण कळा परत येत राहतील. एखादा खडा सरकून मुख्य नळीत अडकला तर कावीळ होऊ शकते किंवा स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, आणि मग ऑपरेशन घाईत करावं लागेल. खडे विरघळवण्याच्या गोळ्या आहेत, पण त्या थोड्याच प्रकारच्या खड्यांवर चालतात, महिनोन्महिने घ्याव्या लागतात आणि थांबवल्यावर खडे परत होतात. हे सगळं मी भाषांतराला जोडून वेगळ्या पानावर लिहिलं. वर "डॉक्टरांनी तोंडी सांगितलेलं" असं स्पष्ट लिहिलं, म्हणजे फॉर्ममधलं काय आणि बाहेरचं काय याची सरमिसळ होत नाही.

## ४. लेखी भाषांतर: जिथे पाय घसरतो त्या जागा

ओळीला ओळ क्रमांक द्या. मूळ फॉर्मच्या कडेला १, २, ३ आणि मराठी कागदावर तेच आकडे. काकूंनी "हे कुठलं?" म्हणून बोट ठेवलं की नर्सला इटालियन ओळ लगेच दाखवता येते.

आता शब्द. इंग्रजीच्या सवयीने वाचणारा सगळ्यात जास्त इथे फसतो.

रिकोव्हेरो म्हणजे बरं होणं नव्हे, हॉस्पिटलात दाखल होणं. "दोन दिवस रिकोव्हेरो" म्हणजे दोन दिवस भरती. एका मुलाने आईला सांगितलं होतं की दोन दिवसांत तू बरी होशील, आणि तिसऱ्या दिवशी टाके दुखतायत म्हणून ती रडायला लागली.

एव्हेन्तुआले म्हणजे अखेरीस होणारं नव्हे, "गरज पडली तर होणारं". "एव्हेन्तुआले ड्रेनेज नळी" म्हणजे नळी घालावी लागली तर. हा शब्द चुकला की कागदावरची प्रत्येक शक्यता खात्री बनते.

एझिती हा शब्द निकाल असा वाचला जातो. ऑपरेशनच्या संदर्भात तो मागे उरणाऱ्या परिणामांसाठी येतो, जसा व्रण. याचाच लॅटिन भाऊ एक्झितुस. तो एकटा आला तर त्याचा अर्थ मृत्यू. फॉर्मवर कधी तो असतो, कधी देचेस्सो. दोन्हींचं मराठी "मृत्यू" असंच करा. "अनिष्ट परिणाम", "काही बरंवाईट" हे लेखी भाषांतरात चालणार नाही. बोलताना शब्द मऊ करता येतो, कागदावर नाही.

आ चेलो आपेर्तो. शब्दशः "उघड्या आकाशाखाली". म्हणजे पोट उघडून केलेलं ऑपरेशन. भाषांतर करणारं एखादं अ‍ॅप वापरलंत आणि मराठीत आकाश आलं, तर दचकू नका, पण खोडा.

दोत्तो चिस्तिको ही पित्ताशयाची छोटी नळी. सिस्टशी, म्हणजे गाठीशी, तिचा संबंध नाही. इथे "गाठ" हा शब्द चुकून आला तर घरात कॅन्सरची चर्चा सुरू होते. तशीच ती एझामे इस्तोलोजिको वाचूनही सुरू होते. काढलेलं पित्ताशय तपासणीला पाठवणं ही नेहमीची पद्धत आहे, ते काकूंच्या बाबतीत काही संशय आहे म्हणून नव्हे. डॉक्टरकडून याची खात्री करून घ्या आणि त्या ओळीखालीच लिहा.

बार्रारे ला कासेल्ला. ही चूक मी स्वतः पहिल्या वर्षी केली. "चौकोन खोडा" असं लिहिलं. खरा अर्थ, चौकोनात फुली मारा, म्हणजे निवडा. आपल्याकडे फुली मारणं म्हणजे रद्द करणं, बरोबरला टिक असते. इथे फुली म्हणजे "हो, हेच". काकूंनी "नॉन आक्कोन्सेन्तो", संमती नाही, यावर फुली मारली असती, तर तिचा अर्थ संमती नाकारली असाच झाला असता, त्यांच्या मनात उलटं असलं तरी. भाषांतराच्या वरच्या कोपऱ्यात मी आता कायम लिहिते: *इथे फुली म्हणजे निवड.*

आकड्यांतला सापळा वेगळा. इटालियन दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात आणि हजारासाठी टिंब. ०,५% म्हणजे अर्धा टक्का. १.००० म्हणजे एक हजार. घाईत ०,५ चं पाच होतं आणि धोका दहापट फुगतो.

आणि आता मराठीतलेच दोन खड्डे, कारण इटालियन चोख आलं तरी माणूस आपल्याच भाषेत पडतो.

पित्त. घरात "पित्त झालंय" म्हणजे छातीत जळजळ, किंवा अंगावर उठणाऱ्या गांधी. काकूंना मी "पित्ताशय काढणार" असं सांगितल्यावर त्यांनी विचारलं, "म्हणजे आता आंबट खाल्लं तरी पित्त होणार नाही?" त्यांचा समज चुकीचा नव्हता, माझा शब्द अपुरा होता. आता मी असं सांगते: यकृताखाली एक छोटी पिशवी असते, तिथे यकृतात तयार झालेला पाचक रस साठतो. खडे त्या पिशवीत आहेत. पिशवी काढली तरी रस यकृतातून थेट आतड्यात येत राहतो, म्हणून पचन चालतं. काहींना सुरुवातीला पातळ होतं. जळजळीचं पित्त वेगळं, ते या ऑपरेशनने जाणार नाही.

दुसरा खड्डा खडे. मुतखडा आपल्याकडे घरोघरी, आणि तो पाणी पिऊन, सातूचं पाणी पिऊन पाडता येतो असं सगळ्यांना ठाऊक. मग "हेही पाडता येतील, कापायचं कशाला?" हा प्रश्न येणारच. तो आला नाही तर समजा मनात आहे. पित्ताशयातला खडा लघवीच्या वाटेने जात नाही, तो सरकला तर पित्ताच्या नळीत सरकतो, आणि तिथेच तो घातक ठरतो. एवढं वाक्य पुरतं.

तपासा: भाषांतर झाल्यावर एक दिवस बाजूला ठेवा. मग मूळ न बघता फक्त मराठी वाचा. जिथे तुम्हालाच परत वाचावं लागलं, ती ओळ बदला.

## ५. धोके: शब्द नव्हे, हजारातले आकडे

औषधांच्या घडीपत्रकावर "क्वचित", "सामान्य" या शब्दांना युरोपात ठरलेले आकडे आहेत. तिथे "सामान्य" म्हणजे शंभरात एक ते दहा, आणि "क्वचित" म्हणजे दहा हजारात एक ते दहा. ऑपरेशनच्या फॉर्मवर "रारो", म्हणजे क्वचित, लिहिलं असेल तर त्यामागे असा ठरलेला आकडा असतोच असं नाही. फॉर्मवर आकडा नसेल तर डॉक्टरला विचारून तो शेजारी लिहा.

आणि सगळे आकडे एकाच मापात आणा, हजारात. "वीसात एक" आणि "दोनशेत एक" असं शेजारी ठेवलं की घाबरलेल्या माणसाला दोनशे मोठं वाटतं.

इटलीत शाळेच्या चौकटीच्या वह्या कुठल्याही दुकानात मिळतात, पाच मिलिमीटरचे चौकोन असलेल्या. मी २५ बाय ४० चौकोनांची चौकट आखली. झाले हजार. काकूंना म्हटलं, "हे हजार बायकांचं ऑपरेशन समजा." मग फॉर्मवरचे आकडे त्यात रंगवले.

दुर्बिणीने सुरू करून मधेच पोट उघडावं लागणं, कोन्व्हेर्सिओने लापारोतोमिका: फॉर्मवर ५%, म्हणजे हजारात पन्नास. दोन पूर्ण ओळी पिवळ्या केल्या. काकू म्हणाल्या, "एवढ्या?" तेव्हा डॉक्टरने सांगितलेलं पुढे जोडलं: आधीच्या ऑपरेशनमुळे आत चिकटलेलं असेल तर तुमच्यासाठी ही शक्यता याहून थोडी जास्त धरायची. आणि हे सांगितलंच पाहिजे की पोट उघडणं हा अपघात नाही. दुर्बिणीतून नीट दिसत नसेल तर सर्जन पोट उघडून सुरक्षित करतो. टाका मोठा, बरं व्हायला जास्त दिवस. या एका वाक्याने दोन पिवळ्या ओळींची भीती अर्ध्यावर आली.

मुख्य पित्तनळीला इजा: फॉर्मवर ०,३ ते ०,५%. हजारात तीन ते पाच. पाच चौकोन लाल. हा या ऑपरेशनचा गंभीर धोका आहे, तो दडवू नका. झालं तर काय करतात हेही सांगा: कधी नळीत आधाराची बारीक नळी बसवतात, कधी दुसरं ऑपरेशन करून नळी दुरुस्त करावी लागते, आणि बरं होणं लांबतं.

रक्तस्राव, जखमेत पू होणं, पायात रक्ताची गुठळी, नंतर व्रणाच्या जागी हर्निया (लापारोचेले) यांचे आकडे फॉर्मवर नव्हते. डॉक्टरने मधुमेहामुळे पू होण्याची शक्यता जरा वाढते एवढं सांगितलं, तेवढंच लिहिलं. आकडा बनवला नाही. मृत्यूसाठी डॉक्टरचं उत्तर होतं, ठरवून केलेल्या अशा ऑपरेशनमध्ये अगदी विरळा. मी तसंच लिहिलं. चौकोन रंगवला नाही, कारण आकडा दिला नव्हता.

सावधान: "धोका" हा शब्द बोलताना जपून. "रक्तस्रावाचा धोका आहे" हे मराठीत ऐकायला "रक्तस्राव होणार" याच्या जवळ जातं. "असं कधी कधी होतं, झालं तर ते असं सांभाळतात" हे वाक्य तोच अर्थ सांगतं आणि माणूस पुढचं ऐकत राहतो.

## ६. समजावण्याची बैठक

वेळ सकाळची घ्या. संध्याकाळी सांगितलेलं रात्री मोठं होतं. तासभर राखून ठेवा, पण वीस मिनिटांत थांबून चहा घ्या.

फॉर्मचा क्रम निदान, ऑपरेशन, धोके, पर्याय असा असतो. समजावताना मी तो मोडते. आधी त्या दिवशी काय काय *नक्की* होणार ते: उपाशी राहणं, सुई, भूल, झोप, जाग येणं. पोटावर तीन-चार छोट्या जखमा. पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड वायू भरतात आणि त्यामुळे नंतर दोन-तीन दिवस खांदा दुखू शकतो. ही ओळ अजिबात सोडू नका. फॉर्मवर ती बारीक असते, पण हा त्रास बऱ्याच जणांना होतो, आणि आपल्याकडे खांदा दुखला की पहिला विचार हृदयाचा येतो. काकूंना सांगितलं: नुसता खांदा दुखला तर वायूमुळे असू शकतं, नर्सला सांगा. छातीत दुखून दम लागला तर लगेच बेल दाबा.

नंतर फॉर्मवरच्या सगळ्यात सामान्य गोष्टी, मग गंभीर पण विरळ, आणि शेवटी ऑपरेशन न केल्यास काय. गंभीर गोष्ट शेवटची ठेवू नका, कारण माणूस शेवटचं घेऊन झोपायला जातो.

मधेच काकूंनी माझा हात धरला. "तू खरं सांग, मी वाचेन ना?"

इथे नव्वद टक्के लोक "अहो, काही नाही होत" म्हणतात. मी म्हटलं नाही. दुभाष्याने याचं उत्तर द्यायचं नसतं, ते देण्याइतकं मला ठाऊकही नाही. मी म्हटलं, "काकू, हे मी डॉक्टरांना तुमच्याच शब्दांत विचारते, तुम्ही ऐका ते काय म्हणतात." विचारलं. सर्जन खुर्ची ओढून समोर बसला, त्याने तिच्याकडे बघून सांगितलं की अशी ऑपरेशनं तो सतत करतो, काकूंचं हृदय आणि फुप्फुसं तपासणीत ठीक आहेत, आणि मधुमेहाकडे ते लक्ष ठेवतील. मी शब्दाला शब्द मराठीत आणलं. डॉक्टरने दुभाष्याकडे नव्हे, रुग्णाकडे बघून बोलावं, हे त्याला आधीच सांगून ठेवा. बरेच जण सवयीने दुभाष्याशी बोलतात आणि रुग्ण बाजूला पडतो.

या २१९ च्या कायद्यातच एक ओळ आहे की डॉक्टर-रुग्णाचं बोलणं हा उपचाराचाच वेळ आहे. डॉक्टर घाईत असेल तर नम्रपणे हीच ओळ आठवून द्यायला हरकत नाही. मी एकदाच दिली. चालली.

## ७. "समजलं ना?" विचारू नका

याचं उत्तर आपल्याकडे नेहमी "हो". मोठ्या माणसाला परीक्षा घेतल्यासारखं वाटू नये म्हणून दोष स्वतःकडे घ्या: "काकू, मी नीट सांगितलं का बघते. उद्या ताईंचा फोन आला तर तुम्ही त्यांना काय सांगाल?"

पहिल्या वेळी काकूंनी सांगितलं, "दुर्बिणीने खडे काढणार, पिशवी राहणार." चुकलं होतं. मी चौथ्या टप्प्यात पिशवीचं सांगूनही त्यांच्या मनात खडेच काढायचे होते. परत सांगितलं, चित्र काढून. दुसऱ्यांदा बरोबर आलं.

चार गोष्टी त्यांच्या तोंडून आल्या पाहिजेत: काय काढणार, पोट उघडावं लागू शकतं आणि का, नाही म्हटलं तर काय, आणि घरी आल्यावर कधी फोन करायचा. शेवटच्या गोष्टीची उत्तरं काकूंनी बोटांवर मोजली: ताप, डोळे पिवळे, लघवी गडद, पोटदुखी वाढत जाणं, जखमेतून पू, एका पायाची पोटरी सुजणं.

तपासा: एकही चुकलं तर सही आज नको. ऑपरेशन तातडीचं नसेल तर फॉर्म घरी नेऊन दुसऱ्या भेटीला आणता येतो का, हे विचारा. विचारायला काही लागत नाही.

## ८. सहीचा दिवस आणि नंतर

सही मूळ इटालियन कागदावर होते, मराठी भाषांतरावर नाही. भाषांतर सोबत जोडा, त्यावर तारीख आणि "मूळ फॉर्म हाच अधिकृत" अशी ओळ. फॉर्मवर दुभाष्यासाठी जागा असेल तर तिथे खरोखर ज्याने दुभाषेपण केलं त्याचंच नाव. मुलाने केलं असेल तर मुलाचं. सही केल्यावरही संमती मागे घेता येते, हे काकूंना सही *करण्याआधी* सांगा.

फुल्या मारताना प्रत्येक चौकोन वाचून दाखवा, काकू बोट ठेवतील, मग फुली. काकूंनी फोटोच्या चौकोनात नकार दिला, रक्ताच्या कागदावर होकार. सही झालेल्या प्रती मागून घ्या.

आणि एक छोटी चिठ्ठी. ऑपरेशन थिएटरच्या दाराशी घरचं कोणी नसतं. तिथे रुग्णालाच नाव, जन्मतारीख आणि कशाचं ऑपरेशन हे परत विचारतात, खात्रीसाठी. काकूंना त्याची आधी कल्पना नसती तर "यांना ठाऊक नाही की काय?" म्हणून त्या घाबरल्या असत्या. मी देवनागरीत लिहून दिलं: *कोलेचिस्ती*. त्या दोन दिवस स्वयंपाकघरात ते म्हणत होत्या, भाजी परतता परतता, "कोलेचिस्ती, कोलेचिस्ती." दाराशी नर्सने विचारलं तेव्हा, मुलगा म्हणतो, स्ट्रेचर आत जाईपर्यंत आईचा आवाज कॉरिडॉरमध्ये ऐकू येत होता.